स्क्रुटिनीची नोटीस : शेतीचं उत्पन्न, खात्यातली रोकड आणि प्रश्नावलीचं उत्तर

नोकरीही आहे आणि शेतीही, अशी घरं मराठवाड्यात गावोगावी आहेत. पगार बँकेत येतो. सोयाबीन, तूर, हरभरा मोंढ्यावर जातो आणि त्याची रोकड आणून त्याच खात्यात भरली जाते. विवरणपत्रात शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून दाखवलं जातं. वर्षभराने आयकर विभागाची नोटीस येते, तिच्यामागून पंधरा-वीस प्रश्नांची यादी येते आणि घरातली सगळी माणसं हादरतात. हा लेख अशाच घरांसाठी आहे. माझ्या थोरल्या भावाचं असं प्रकरण आम्ही दोघांनी आणि आमच्या सीएंनी मिळून निभावलं, त्यातून समजलेलं इथे क्रमाने लिहितो. भाऊ लातूरला शिक्षक आहेत, जमीन औसा तालुक्यात आहे. आकडे सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आता तपासणी चेहराविरहित पद्धतीने होते. तुमची फाइल लातूर किंवा संभाजीनगरच्या कार्यालयातच उघडेल असं नाही, ती देशातल्या कुठल्याही शहरातल्या अधिकाऱ्यापुढे जाऊ शकते. त्या माणसाने मोंढा पाहिलेला नसेल, आडत्याची पट्टी म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसेल, सातबारा मराठीत असल्यामुळे वाचताही येणार नाही. तुम्ही जे कागदावर मांडाल तेवढंच त्याला दिसणार आहे.

## १. आधी नोटीस ओळखा

विवरणपत्र भरल्यावर आयकर कायद्याच्या कलम १४३(१) खाली जी सूचना येते, ती स्क्रुटिनी, म्हणजे विवरणपत्राची सविस्तर तपासणी, नव्हे. तो संगणकाने केलेला हिशोब असतो. स्क्रुटिनी सुरू होते ती १४३(२) च्या नोटिशीने. सविस्तर प्रश्नावली नंतर १४२(१) खाली येते.

नोटिशीवर डीआयएन नावाचा ओळख क्रमांक असतो. पोर्टलवर `Authenticate Notice/Order Issued by ITD` ही सोय आहे, तिथे तो टाकून नोटीस खरी असल्याची खात्री करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफवर विश्वास ठेवू नका. खरी नोटीस तुमच्या लॉगिनमध्ये `Pending Actions` खालच्या `e-Proceedings` मध्ये दिसतेच.

तारीखही तपासा. ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरलं, ते संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत १४३(२) ची नोटीस बजावली गेली पाहिजे. भावाने २०२३-२४ चं विवरणपत्र जुलै २०२४ मध्ये भरलं होतं, म्हणजे मुदत ३० जून २०२५ पर्यंत होती. नोटीस जूनमध्येच आली. तुमची नोटीस मुदतीनंतरची असेल तर तो आक्षेप पहिल्याच उत्तरात लेखी नोंदवा.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला तरी त्याआधीच्या वर्षांच्या विवरणपत्रांना १९६१ चाच कायदा लागतो. म्हणून इथली कलमं जुनी आहेत.

## २. आपलंच विवरणपत्र का निवडलं गेलं?

निवड बहुतेक वेळा संगणक करतो. त्याचे निकष विभाग जाहीर करत नाही, पण कोणते मुद्दे तपासायचे ते नोटिशीत लिहिलेलं असतं. तपासणी मर्यादित आहे की संपूर्ण, हेही तिथेच कळतं. मर्यादित असेल तर अधिकाऱ्याने त्या मुद्द्यांपुरतंच विचारायचं असतं, व्याप्ती वाढवायची तर त्याला वरिष्ठांची मंजुरी लागते. भावाच्या नोटिशीत दोन मुद्दे होते : शेतीचं मोठं उत्पन्न आणि बचत खात्यातला रोख भरणा.

आता हे मुद्दे कुठून उगवले ते शोधा. पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडा. बचत खात्यांत वर्षभरात १० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली गेली की बँकेला ते विभागाला कळवावं लागतं. भावाच्या एआयएसमध्ये १३,४०,००० रुपयांची नोंद होती. पहिल्या मुद्द्याचं मूळ तिथे सापडलं नाही, ते भरलेल्या विवरणपत्रातच होतं. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की जमिनीचा तपशील द्यावा लागतो : जिल्हा, पिनकोड, स्वतःची की भाड्याची, बागायत की कोरडवाहू, आणि क्षेत्र एकरांत.

इथे नीट थांबा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. भावाच्या नावावर ३ हेक्टर २० आर आहे, म्हणजे जवळपास ७.९ एकर. विवरणपत्रात मात्र एकरांच्या रकान्यात ३.२० गेलं होतं. आपण समोरच्या बाजूने पाहू. ३.२० एकर कोरडवाहू जमीन आणि निव्वळ उत्पन्न ८,१२,०००. एकरी अडीच लाख! असा आकडा पाहून कुणीही विचारणा करील. तुमची नोटीस शेतीच्या उत्पन्नावर असेल तर सगळ्यात आधी हा रकाना आणि सातबारा शेजारी शेजारी ठेवा.

## ३. प्रश्नावली फोडा

१४२(१) ची यादी पहिल्यांदा वाचताना भीती वाटते, कारण त्यात पत्ता, सगळी बँक खाती, कुटुंबाची माहिती असं बरंच असतं. पण प्रश्न सुटे करून लिहिले की ते तीनच गोष्टींपाशी येतात : जमीन कुणाची आणि किती, पीक किती निघालं आणि कुणाला विकलं, खात्यातली रोकड त्या विक्रीचीच कशावरून.

एका वहीत प्रत्येक प्रश्नासमोर दोन गोष्टी लिहा : कोणता कागद लागेल आणि तो कुणाकडून मिळेल. तलाठी, आडत्या आणि बँक या तिघांकडे पहिल्याच दिवशी जा. मुदत बहुधा पंधरा दिवसांची किंवा त्याहूनही कमी असते आणि जुन्या पट्ट्यांची नक्कल काढून द्यायला आडत्याला वेळ लागतो. मुदत पुरत नसेल तर ती संपण्याआधीच पोर्टलवर `Seek Adjournment` मधून कारण देऊन वाढ मागा. गप्प बसलात तर प्रत्येक चुकीला १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि अधिकारी स्वतःच्या अंदाजाने आकारणी करू शकतो.

## ४. रोकडीचा माग : खरं काम इथे आहे

खात्यातल्या रोकडीचा स्रोत पटला नाही तर ती ६९अ कलमाखाली अस्पष्टीकृत पैसा ठरते आणि ११५बीबीई खाली कर लागतो. ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के उपकर, सगळं मिळून ७८ टक्के. दंड आणखी वेगळा. म्हणून "ही शेतीची रक्कम आहे" एवढं एक वाक्य लिहून चालत नाही. प्रत्येक भरण्यापुढे त्याचा स्वतंत्र स्रोत दाखवावा लागतो.

बँकेच्या उताऱ्यातून फक्त रोख भरणे वेगळे काढा आणि तक्ता करा. भावाचा तक्ता असा झाला :

| भरण्याची तारीख | रक्कम | स्रोत | पुरावा |
|---|---|---|---|
| १८ मे २०२३ | ३,१०,००० | साठवलेलं सोयाबीन, ३,१८,००० | मे महिन्यातल्या दोन पट्ट्या |
| २ नोव्हेंबर २०२३ | २,६०,००० | नवं सोयाबीन, २,६६,००० | ऑक्टोबरअखेरच्या दोन पट्ट्या |
| २७ नोव्हेंबर २०२३ | १,९०,००० | याच खात्यातून काढलेले २,००,००० | ९ नोव्हेंबरची नोंद |
| २४ जानेवारी २०२४ | २,८०,००० | तूर, २,८६,००० | दोन पट्ट्या, एक वडिलांच्या नावची |
| १४ मार्च २०२४ | ३,००,००० | हरभरा १,९२,००० आणि दूध १,१०,००० | एक पट्टी, दूध संकलन केंद्राचं कार्ड |

प्रत्येक ओळीत पट्टीची तारीख भरण्याच्या आधीची आहे आणि पट्टीची रक्कम भरण्याइतकी किंवा थोडी जास्त आहे. तुमच्या तक्त्यात भरणा आधी आणि पट्टी नंतर दिसत असेल, तर ती ओळ टिकणार नाही. तिचा खरा स्रोत दुसरीकडे शोधा. आता या ओळींतल्या अडचणी एकेक करून पाहू.

मे महिन्याची ओळ. मे महिन्यात सोयाबीन कुठून आलं, असा प्रश्न दूरच्या अधिकाऱ्याला पडणारच. भाव वाढेल म्हणून आपल्याकडे खरिपाचा माल घरात ठेवतात आणि उन्हाळ्यात विकतात. विक्री २०२३-२४ मध्ये झाली तरी पीक २०२२ च्या खरिपाचं होतं. म्हणून आम्ही सातबाऱ्यावरची पीक नोंद एका नव्हे, दोन वर्षांची जोडली आणि माल का साठवला ते दोन ओळींत लिहिलं. पुष्कळ जण फक्त त्याच वर्षाची पीक पाहणी देतात आणि मग मे-जूनची विक्री उघडी पडते.

काढून परत भरलेले पैसे. बोअर आणि पाइपलाइनसाठी २,००,००० काढले होते, काम पुढे ढकललं, म्हणून १,९०,००० परत भरले. अठरा दिवसांचं अंतर होतं, त्यामुळे हे सहज पटण्यासारखं होतं. हेच अंतर सात-आठ महिन्यांचं असेल तर इतके दिवस रोकड घरात का ठेवली, याचं उत्तर तयार ठेवा.

वडिलांच्या नावची पट्टी. तुरीच्या २,८६,००० पैकी १,२१,००० ची पट्टी वडिलांच्या नावावर होती. त्यांच्या नावावर २ हेक्टर ४० आर जमीन आहे आणि व्यवहार सगळा भाऊच बघतात. मराठवाड्यातल्या एकत्र घरांत हे सर्रास घडतं, पण कागदावर ते दुसऱ्या माणसाचं उत्पन्न असतं. वडिलांचा सातबारा, त्यांची पट्टी आणि ही रक्कम मी मुलाकडे दिली असं त्यांचं शपथपत्र, असे तीन कागद जोडले. ही रक्कम भावाच्या शेती उत्पन्नात धरली गेली होती, तीही वेगळी काढून दाखवली.

दुधाचे पैसे. दूधविक्री आपल्या दृष्टीने शेतीच, पण आयकराच्या दृष्टीने ते शेती उत्पन्न नाही. दुधाचे १,१०,००० शेतीत मिळवून करमुक्त दाखवले गेले होते. इथे दोन वाटा होत्या. हरभरा जास्त झाला असं दाखवणं ही एक, आणि खरं लिहून कर भरणं ही दुसरी. आकडे पाहिले तर पहिली वाट धरण्यात शहाणपण नव्हतंच. ही रक्कम अस्पष्टीकृत ठरली असती तर ७८ टक्क्यांनी ८५,८०० कर झाला असता. स्रोत सिद्ध करून करपात्र मानली, तर सर्वांत वरच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यातही उपकरासह ३४,३२० च्या वर जात नाही. व्याज लागतं, उत्पन्न कमी दाखवल्याचा दंडही निघू शकतो, पण तो ओझ्याचा भाग वेगळा आणि पटींनी लहान. अशा वेळी "अद्ययावत विवरणपत्र भरून टाकू" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. तपासणी चालू असलेल्या वर्षासाठी ते भरता येत नाही. दुरुस्त गणना उत्तरासोबतच द्यावी लागते.

दोन लाखांची मर्यादा. एकाच माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा जास्त रोख घेणं २६९एसटी कलमाखाली निषिद्ध आहे आणि दंड तितक्याच रकमेचा असतो. आमच्या पट्ट्या एकेक करून सगळ्या दोन लाखांच्या आत होत्या. तुमची एखादी वर जात असेल तर सीएशी आधी बोला. मागची तारीख टाकून आडत्याकडून दोन पट्ट्या करून घेऊ नका, आडत्याच्या दप्तराशी आणि बाजार समितीच्या नोंदीशी त्या जुळणार नाहीत.

## ५. सगळा माल बँकेत, मग खर्च कशातून केला?

हा प्रश्न आमच्या दुसऱ्या प्रश्नावलीत आला, आणि तो रास्त होता. विक्रीची जवळपास सगळी रोकड खात्यात गेली असेल तर बियाणं, खत, फवारणी, मजुरी यांचे ३,६०,००० कुठून आले? खर्च विक्रीच्या रोकडीतून केला असता तर भरणा कमी दिसायला हवा होता.

भावाचं उत्तर कागदावर तयार होतं. २,४०,००० जिल्हा बँकेच्या पीक कर्जातले होते, त्याचा उतारा जोडला. उरलेले १,२०,००० पगाराच्या खात्यातून कृषी सेवा केंद्राला ऑनलाइन दिलेले आणि मजुरीसाठी थोडे थोडे काढलेले, त्या नोंदींवर खुणा केल्या. हा हिशोब पहिल्या उत्तरातच द्या. तो प्रश्नावलीत विचारलेला नसला तरी पुढच्या फेरीत येतोच.

## ६. जोडायचे कागद

सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचे काढा. पिकाची नोंद सातबाऱ्याच्या गाव नमुना बारामध्ये असते, तीच इथे सर्वांत कामाची. ई-पीक पाहणी करायची राहून गेली असेल आणि रकाना कोरा असेल तर पीक विम्याची पावती, बियाणं-खताची बिलं आणि पट्ट्या यांवर भार द्यावा लागतो. बटाईने दुसऱ्याची जमीन केली असेल तर त्या शेतकऱ्याचा सातबारा आणि लेखी संमती घ्या.

पट्टीवर तारीख, वजन, भाव, हमाली-तोलाई आणि निव्वळ रक्कम दिसली पाहिजे. पट्टी हरवली असेल तर आडत्याकडून खातेउतारा त्याच्या सही-शिक्क्यासह आणि परवाना क्रमांकासह घ्या. विभाग त्याला स्वतंत्रपणे पत्र पाठवून खात्री करू शकतो, हे त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो ते पत्र बाजूला टाकणार नाही.

याशिवाय : वर्षभराचे सगळे बँक उतारे, पीक कर्जाचा उतारा, खर्चाची बिलं, शपथपत्र असल्यास ते, आणि भरलेलं विवरणपत्र.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत द्या. निदान सातबाऱ्यातलं नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि पीक एवढं तरी.

## ७. उत्तर लिहिताना

इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा. प्रश्नांचा क्रम आणि क्रमांक नोटिशीतलाच ठेवा. आधी प्रश्न जसाच्या तसा, खाली तीन-चार ओळींत उत्तर, शेवटी जोडपत्राचा क्रमांक आणि पान. "सोबतची कागदपत्रं पाहावीत" एवढंच लिहिलं तर अधिकारी शंभर पानांत शोधत बसणार नाही.

पहिल्या पानावर प्रकरणाची ओळख द्या. आम्ही तिथे तीन परिच्छेद लिहिले : करदाता कोण, जमीन कुठे आणि किती, माल विकायची आपल्याकडची रीत काय. पट्टी म्हणजे आडत्याने दिलेला विक्रीचा हिशोब, हेही तिथेच सांगितलं. क्षेत्राची गफलत याच पानावर स्पष्ट केली : विवरणपत्रातला ३.२० हा आकडा हेक्टरचा आहे, तो ७.९ एकर होतो, सातबारा जोडपत्र १ मध्ये. सुधारित विवरणपत्राची वाढवलेली मुदतही १५ जानेवारी २०२५ ला संपली होती, त्यामुळे पत्रातून सांगणं हाच मार्ग होता.

एकरी उत्पादनही स्वतःहून मांडा. भावाच्या आणि वडिलांच्या जमिनीतल्या मिळून ११ एकरांत ५५ क्विंटल सोयाबीन, म्हणजे एकरी ५ क्विंटल. ऑगस्ट २०२३ मध्ये पावसाने मोठी ओढ दिली होती, त्यामुळे उतारा कमी आला, हेही लिहिलं. असा आकडा आपणच दिला की अधिकाऱ्याला स्वतःचा अंदाज लावावा लागत नाही.

न विचारलेली माहिती मात्र भरत बसू नका. मर्यादित तपासणीत दुसऱ्या व्यवहारांचे कागद जोडले तर त्यावर प्रश्न ओढवून घ्याल.

## ८. पोर्टलवर चढवणं

`e-Proceedings` मध्ये उत्तर देताना `Partial Response` आणि `Full Response` असे दोन पर्याय येतात. एखादाही कागद यायचा बाकी असेल तर पहिला निवडा. पूर्ण उत्तर पाठवलं की त्या नोटिशीखाली पुढे काही जोडता येत नाही, आणि आडत्याचा उतारा दुसऱ्या दिवशी हातात पडतो. फाइलला `Annexure_4_Patti_Tur` अशी ओळखता येणारी नावं द्या. स्कॅन करताना पट्टीवरचे आकडे वाचता येतात का ते स्वतः पाहा, कार्बनवरच्या निळ्या नकला बहुतेक वेळा पुसट येतात. पाठवल्यावरची पोच उतरवून ठेवा. शेवटच्या दिवशी रात्री बसू नका.

## ९. त्यानंतर

एका उत्तरावर सहसा भागत नाही. दुसरी प्रश्नावली येते, ती पहिल्या उत्तरातल्या मोकळ्या जागांवर असते. ईमेलवर अवलंबून राहू नका, आठवड्यातून एकदा पोर्टल उघडा.

तुमच्या उत्पन्नात वाढ करायचं ठरलं तर आधी कारणे दाखवा नोटीस येते. तिची मुदत तोकडी असते. तिच्यात कुठली रक्कम आणि कुठल्या कारणाने धरली हे लिहिलेलं असतं, फक्त त्याचंच उत्तर द्या आणि हवं असेल तर व्हिडिओवरून बाजू मांडायची मागणी तिथेच करा. भावाच्या प्रकरणात १४ मार्चच्या ओळीवर अशी नोटीस आली. दूध केंद्राचं कार्ड आणि दुरुस्त गणना पुन्हा पाठवली. आदेशात दुधाची रक्कम करपात्र धरली गेली, बाकी चारही ओळी मान्य झाल्या.

२०२३-२४ च्या विवरणपत्राची आकारणी ३१ मार्च २०२६ पर्यंत पूर्ण व्हायची होती. आदेश हाती आला की त्यातली गणना आणि व्याज सीएकडून तपासून घ्या. आकडेमोडीची उघड चूक असेल तर १५४ खाली दुरुस्ती मागता येते. वाढच मान्य नसेल तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करावं लागतं, आणि तिथेही हाच तक्ता आणि हीच जोडपत्रं कामी येतात.